चिठ्ठ्यांचा तक्ता (कथा आणि तिच्यातल्या हिशेबावर चर्चा)

अनुराधा_लेखन

खाली एक छोटी कथा देत आहे. तिचे सगळे कथानक पाळ्यांच्या हिशेबावर उभे आहे, त्यामुळे ज्यांनी कधी माणसांच्या पाळ्या लावल्या आहेत अशा वाचकांनी ती तपासून पाहावी अशी विनंती आहे. कथेच्या शेवटी मेधा रेखाताईंना एक शब्द देते. तो शब्द तिला पुढच्या महिन्यात पाळता येईल का, यावर कथेचा दुसरा भाग अवलंबून असल्यामुळे माझा मुख्य प्रश्न तोच आहे.

*कथा*

बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि महिनाभर दुकानात बसायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा पाळ्या लावण्याचे काम मेधावर आले. तोपर्यंत दुकानात तक्ता असा कधी नव्हताच. रात्री शटर ओढताना बाबा ज्याला त्याला सांगत, "उद्या तू सकाळी ये," "तुला परवा सुट्टी," आणि ते सगळे त्यांच्या डोक्यात राहत असे.

दुकान सकाळी आठला उघडे आणि रात्री नऊला बंद होई. सकाळची पाळी आठ ते तीन आणि संध्याकाळची दोन ते नऊ. सकाळी दोन माणसे पुरत, संध्याकाळी तीन लागत आणि शनिवारी संध्याकाळी गर्दीमुळे चार. कामाला माणसे सहा होती आणि प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी होती.

मेधाने जुन्या दिनदर्शिकेची पाने उलटी करून त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकाच्या नावाच्या सहा, म्हणजे एकूण छत्तीस. मग तिने जमिनीवर खडूने सात उभे रकाने आखले, प्रत्येक रकान्याचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग केले आणि पंखा बंद केला. लागणारी माणसे तिने मोजली, तेव्हा रोजची पाच याप्रमाणे सात दिवसांची पस्तीस आणि शनिवारचे एक जास्तीचे मिळून तीही छत्तीसच भरली. तिला मोठा दिलासा वाटला. काम आता फक्त चिठ्ठ्या जागेवर ठेवण्यापुरते उरले आहे, असे तिने धरले.

सगळ्यांच्या सुट्ट्यांच्या मागण्या तिने आधीच विचारून ठेवल्या होत्या. गोविंदकाका, यशवंत आणि रेखाताई या तिघांनी रविवार मागितला होता. त्या मागण्यांप्रमाणे चिठ्ठ्या मांडल्यावर रविवारच्या रकान्यात तीनच माणसे उरली आणि सोमवारी एक जण रिकामा बसेल अशी वेळ आली. तिने यशवंतची एक चिठ्ठी सोमवारवरून उचलून रविवारी ठेवली, मग दुसऱ्या कोणाची, मग तिसऱ्याची. प्रत्येक वेळी एक रकाना भरला की दुसरा उघडा पडे.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आले की आपण नको ती गोष्ट मांडत आहोत. सहा माणसे आणि सात दिवस म्हणजे बेचाळीस जागा. त्यांतल्या छत्तीस कामाच्या, तर सुट्टीच्या फक्त सहा. शनिवारी सहाही माणसे लागतात, तेव्हा शनिवारी कोणालाच सुट्टी नाही. उरलेल्या प्रत्येक दिवशी पाच लागतात, म्हणजे रोज एकालाच सुट्टी देता येते. तिने जमिनीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वेगळ्या सहा चिठ्ठ्यांवर 'सुट्टी' असे लिहून त्याच आधी रविवार ते शुक्रवार या सहा रकान्यांत ठेवल्या. आता प्रश्न एवढाच होता की कोणती कोणाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कागदावर उतरवलेली मांडणी घेऊन गोविंदकाकांकडे गेली. काकांनी चष्मा लावून सातही रकाने वाचले आणि विचारले, "मंगळवारी सकाळी गल्ल्यावर कोण आहे?"

"रेखाताई आणि यशवंत आहेत, काका."

"ते दोघे माल देतील. गल्ल्यावर कोण?"

गल्ला सांभाळणारी माणसे दोनच होती, संध्याकाळी गोविंदकाका आणि सकाळी शैलाताई. मंगळवार शैलाताईंच्या सुट्टीचा होता. मेधाने घरी येऊन त्या दोघांच्या चिठ्ठ्यांचे कोपरे लाल रंगवले आणि फक्त तेवढ्याच मोजल्या. लाल चिठ्ठ्या बारा होत्या आणि गल्ल्याच्या पाळ्या चौदा. कशाही मांडल्या तरी दोन पाळ्या उघड्या राहणार होत्या, आणि त्या नेमक्या त्या दोघांच्या सुट्टीच्या दिवशीच्या होत्या. इतकी वर्षे ते कोणाच्या नजरेला आले नव्हते, कारण त्या दोन पाळ्यांना बाबा स्वतः गल्ल्यावर बसत. त्यांच्या नावाची चिठ्ठी कोणी कधी कापलीच नव्हती. त्यांची साप्ताहिक सुट्टीही कोणी मोजली नव्हती.

इम्रान रोज रात्री हिशेब मिळवायला काकांना मदत करत असे. शस्त्रक्रियेला दोन आठवडे होते. काकांनी त्याला शेजारी बसवले आणि सांगितले की सलग तीन रात्री गल्ल्यातली रोकड आणि पावत्यांची बेरीज त्याने एकट्याने जुळवली तरच त्याच्या चिठ्ठीचा कोपरा लाल करायचा. दुसऱ्या आठवड्यात तो लाल झाला.

तरीही एक अडचण राहिली. इम्रान संध्याकाळचा माणूस होता आणि लांब राहत होता. सोमवारी रात्री नऊला सुटून मंगळवारी सकाळी आठला शैलाताईंच्या जागी येणे त्याला जमणारे नव्हते, आणि कोणालाही तसे बोलवायचे नाही असे मेधाने ठरवून टाकले होते. बाबांच्या काळी असे होई आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे डोळे कसे असत, हे तिने पाहिले होते. मग तिने इम्रानची सुट्टीच शैलाताईंच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवली. सोमवारी इम्रान घरी आणि मंगळवारी सकाळी ताजातवाना गल्ल्यावर. हीच युक्ती रेखाताईंच्या सुट्टीलाही लागू पडली. रेखाताईंना घरच्या कारणाने फक्त सकाळचीच पाळी जमत असे, तेव्हा बुधवारी दत्ताला सुट्टी, गुरुवारी रेखाताईंना सुट्टी आणि त्यांच्या जागी सकाळी दत्ता. शुक्रवार गोविंदकाकांचा, त्या संध्याकाळी गल्ल्यावर इम्रान. रविवार राहिला, तो यशवंतला मिळाला.

तक्ता भिंतीवर लागला तेव्हा रेखाताई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"मी रविवार मागितला होता, मेधा."

"या महिन्यात नाही जमले, ताई. पुढच्या महिन्यात रविवार तुमचा," असे म्हणून मेधाने रेखाताईंच्या नावाची सुट्टीची चिठ्ठी गल्ल्याच्या खणात वेगळी काढून ठेवली.

---

सागरवेळ

कथा आवडली. गल्ल्याचा प्रसंग मात्र मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. लागणारी माणसे छत्तीस आणि असलेल्या चिठ्ठ्याही छत्तीस असतील, तर मांडणी कुठे ना कुठे असणारच. मेधाने आणखी थोडे हलवून पाहिले असते तर इम्रानला शिकवण्याची गरज पडली नसती. आमच्याकडे पाळ्यांची बेरीज जुळली की तक्ता नेहमी लागतो, हा माझा अनुभव आहे.

---

जुना_पाळीवाला

सागरवेळ, बेरीज जुळणे आवश्यक आहे हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण तेवढे पुरत नाही. बेरजेत सगळी माणसे एकसारखी धरलेली असतात. कथेत चौदा जागा अशा आहेत की तिथे दोनच माणसांपैकी कोणीतरी हवे, आणि त्या दोघांच्या मिळून चिठ्ठ्या बाराच आहेत. यशवंतच्या सहा चिठ्ठ्या शिल्लक असल्या तरी त्या गल्ल्याच्या जागेवर चालत नाहीत. त्यामुळे कितीही हलवाहलव केली तरी दोन जागा उघड्याच राहतात. तुमच्याकडे बेरीज जुळली की तक्ता लागतो, याचे कारण बहुधा असे असेल की तुमच्याकडे बहुतेक सगळ्यांना सगळी कामे येतात, किंवा मधल्या फटी भरणारा एखादा मालक किंवा पर्यवेक्षक आहे आणि त्याची गणती कोणी करत नाही.

मी बरीच वर्षे मोठ्या दुकानांच्या पाळ्या लावल्या आहेत. नवीन माणसाला मी पहिली सवय हीच लावतो की पूर्ण बेरीज शेवटी करायची. आधी ज्या जागेवर सर्वांत कमी माणसे चालतात ती जागा घ्यायची आणि तेवढ्याच माणसांच्या चिठ्ठ्या मोजायच्या. तिथे तूट निघाली तर मांडणीला हातही लावायचा नाही. आधी माणूस शिकवायचा, किंवा पाळी छोटी करायची, किंवा ती जागा काही काळ बंद ठेवता येते का ते पाहायचे. मेधाने कोपरे रंगवून नेमके हेच केले आहे, म्हणून तो प्रसंग मला कथेतला सर्वांत खरा वाटला.

---

वॉर्ड_क्रमांक_सात

आमच्या रुग्णालयात सणासुदीच्या आणि रविवारच्या सुट्ट्यांसाठी चिठ्ठ्याच टाकतात. एका डब्यात सगळ्या परिचारिकांची नावे घालतात आणि एक चिठ्ठी उचलतात. ज्याचे नाव निघेल त्याला सुट्टी, त्यामुळे कोणाची तक्रार राहत नाही. मेधाने तसे केले असते तर रेखाताईंना वाईट वाटले नसते. नशिबात नव्हते असे म्हणून त्या गप्प राहिल्या असत्या. आमच्याकडे रात्रपाळीही असते, त्यामुळे रात्रपाळीनंतरचा दिवस सुट्टीत धरायचा की नाही यावरून नेहमी वाद होतो. इथे कोणी सांगू शकेल का?

---

अनुराधा_लेखन

ताई, कथेतल्या चिठ्ठ्या उचलण्यासाठी नाहीत, त्या जमिनीवर मांडून सरकवण्यासाठी आहेत. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एका माणसाची एक पाळी. तरीही रविवार कोणाला द्यायचा हे चिठ्ठी उचलून ठरवता आले असते का, हा तुमचा मुद्दा मला विचार करण्यासारखा वाटतो. तसे झाले असते तर डब्यात रेखाताईंचे नाव घालणे योग्य ठरले असते का, हे मला आधी कळायला हवे.

---

जुना_पाळीवाला

योग्य ठरले नसते. अनुराधाताई, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही यातच आहे, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. मी काल रात्री कागदाचे तुकडे घेऊन तुमचा तक्ता मांडून पाहिला.

शनिवारपासून सुरुवात करा. शनिवारी सहाही माणसे कामावर आहेत, दोन सकाळी आणि चार संध्याकाळी. आता मेधाचा नियम असा की रात्री नऊला सुटलेल्या माणसाला दुसऱ्या सकाळी आठला बोलवायचे नाही. म्हणजे रविवारी सकाळी कोण येऊ शकते? शनिवारी संध्याकाळी काम केलेले चौघे बाद झाले. शनिवारी सुट्टीवर कोणी नव्हतेच. उरले ते शनिवारी सकाळी आलेले दोघे, आणि रविवारी सकाळी माणसे लागतात तीही दोनच. म्हणजे शनिवारी सकाळी जे दोघे आले तेच दोघे रविवारी सकाळी आलेच पाहिजेत, त्यांपैकी कोणालाही सुट्टी देता येत नाही.

रेखाताईंना फक्त सकाळ जमते आणि शनिवारी सगळ्यांना यावे लागते. म्हणजे त्या शनिवारी सकाळीच असणार, आणि म्हणून रविवारी सकाळीही त्यांना यावेच लागणार. या महिन्यात, पुढच्या महिन्यात, कधीही. खणात ठेवलेली ती चिठ्ठी मेधाला सध्याच्या नियमांत कुठल्याच आठवड्यात रविवारच्या रकान्यात ठेवता येणार नाही. डब्यात नावे घालून चिठ्ठी उचलली असती आणि रेखाताईंचे नाव निघाले असते, तर ती सुट्टी मिळालीच नसती. वॉर्डातल्या ताईंना माझे सांगणे आहे की डब्यात नाव घालण्यापूर्वी त्या माणसाला ती सुट्टी देणे शक्य आहे का, हे पाहून घ्यावे. रात्रपाळीचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढलात तर मी तिथे लिहीन.

शैलाताईंचे मात्र तसे नाही. त्यांनी रविवार मागितला असता तर तो देता आला असता. गोविंदकाका आणि यशवंत यांच्या सुट्ट्या सोमवार-मंगळवारी सरकवून शुक्रवारी इम्रानला सुट्टी द्यायची, शनिवारी इम्रानला सकाळी गल्ल्यावर बसवायचे आणि शैलाताईंना संध्याकाळी बोलवायचे. मग रविवारी सकाळी रेखाताई आणि इम्रान, शैलाताई घरी. सुट्ट्यांचे दिवस सरकतात, पण माणसांची संख्या कुठेच बदलत नाही. शैलाताईंना एक संध्याकाळ जमली की झाले. रेखाताईंना संध्याकाळ जमत नाही, आणि त्यांचा रविवार नेमका तिथे अडतो.

---

कथेचा_वाचक

हे वाचून कथेचा शेवट मला पुन्हा वाचावासा वाटला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त जड वाटला. मेधा खोटे बोलत नाही, ती मनापासून शब्द देते. पण ज्या माणसाची अडचण आधीच सर्वांत मोठी आहे, त्याच्याच वाट्याला नकार येतो, आणि तो नकार कोणी ठरवून दिलेला नाही. अनुराधाताई, दुसऱ्या भागात मेधाला हे कळण्याचा क्षण जमिनीवरच्या चिठ्ठ्यांमधूनच यावा, कोणाच्या तोंडून येऊ नये, असे मला वाटते. तिने रेखाताईंची चिठ्ठी रविवारी ठेवावी आणि मग सकाळच्या भागात बसेल अशी एकही चिठ्ठी हातात उरू नये.

---

सागरवेळ

गल्ल्याचे पटले. लाल चिठ्ठ्या बारा आणि जागा चौदा, यापुढे वाद उरत नाही. पण शनिवार-रविवारच्या बाबतीत मला एक शंका आहे. रात्री नऊ ते सकाळी आठ म्हणजे अकरा तास होतात. अकरा तास विश्रांती काही कमी नाही. मेधाने तो नियम स्वतःच घालून घेतला आहे. तो थोडा सैल केला तर रेखाताईंना रविवार मिळतोच की.

---

निवृत्त_कामगार_प्रतिनिधी

अकरा तासांचा आकडा बरोबर आहे, आणि तो योगायोगाने महत्त्वाचाही आहे. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या २००३ च्या निर्देशात रोजची किमान सलग विश्रांती अकरा तासांचीच सांगितली आहे. म्हणजे तिथल्या मोजमापानेही मेधाच्या दुकानात रात्री सुटून सकाळी येणे जेमतेम बसते. पण हे अकरा तास एका पाळीच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचे आहेत. शटर ओढून हिशेब मिळवण्यात जाणारा वेळ, घरी पोहोचणे, जेवण, सकाळी पुन्हा निघणे हे सगळे त्यातूनच जाते. जो शेजारच्या गल्लीत राहतो त्याला आठ तास झोप मिळेल, इम्रानसारख्या लांबच्या माणसाला पाच-सहा तासही मिळणार नाहीत. शिवाय नऊला बंद म्हणजे नऊला सुटला असे दुकानात क्वचितच होते. शेवटचे गिऱ्हाईक आत असले की साडेनऊ वाजतात आणि मग अकरा तासांचे साडेदहाच उरतात.

साप्ताहिक सुट्टीबद्दलही एक गोष्ट कथेत दिसत नाही, ती सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुकाने आणि कार्यालयांसाठी १९५७ साली जो करार केला, त्यात दर सात दिवसांत किमान चोवीस तासांची सलग विश्रांती सांगितली आहे. मेधाच्या तक्त्यात ती सगळ्यांना मिळते, पण सारखी मिळत नाही. रेखाताई बुधवारी तीनला सुटून शुक्रवारी आठला येतात, म्हणजे एक्केचाळीस तास. यशवंत शनिवारी रात्री नऊला सुटून सोमवारी दुपारी दोनला येतो, तेही एक्केचाळीस. इम्रान मात्र रविवारी रात्री नऊला सुटून मंगळवारी सकाळी आठला येतो, म्हणजे पस्तीस. दत्ताचेही तसेच. तक्त्यात सगळ्यांपुढे 'एक सुट्टी' असे सारखेच लिहिलेले असते, पण या दोघांच्या सुट्टीतले सहा तास कमी होतात. महिनाभर दर आठवड्याला असे झाले की ते दोघे ही गोष्ट बोलून दाखवतील, आणि मेधाला ती तक्रार आधी कळणार नाही.

---

जुना_पाळीवाला

सुट्टीच्या तासांचा हिशेब मी केला नव्हता, तो अगदी योग्य आहे. त्या दोघांना सकाळच्या पाळीनंतर तीनला सुटका मिळते आणि दुसऱ्या दिवशी थेट दुपारी दोनला यायचे असते, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण मोकळी संध्याकाळ आणि सलग सुट्टी या एकच गोष्टी नाहीत. मी असतो तर इम्रान आणि यशवंत यांना आलटून पालटून ते काम दिले असते. पण त्यासाठी यशवंतलाही गल्ला यायला हवा, म्हणजे पुन्हा कोपरा लाल करण्यापाशी आलो. दत्ताच्या जागी यशवंतला घालणे सोपे आहे, तिथे गल्ल्याचा प्रश्न येत नाही, कारण त्या सकाळी शैलाताई असतात. एका आठवड्यात बुधवारची सुट्टी आणि गुरुवारची सकाळ दत्ताची आणि रविवार यशवंतचा, पुढच्या आठवड्यात उलट. दोघांच्या त्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या आपसांत बदलल्या की कुठल्याही दिवशी माणूस कमी पडत नाही आणि दोघांच्या सहा-सहा चिठ्ठ्याही कायम राहतात. फक्त जिथे आठवडा बदलतो तिथे कोणाच्या सलग कामाचे दिवस वाढतात ते पाहून घ्यावे लागेल. आठवडा सोमवारपासून धरला तर पहिल्या आठवड्यात बुधवारी सुट्टी घेतलेला दत्ता पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत सलग दहा दिवस काम करेल. हे मी चालू देणार नाही.

---

अनुराधा_लेखन

गुरुवारपासून पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत असे मोजले तर खरेच दहा दिवस होतात. म्हणजे दर आठवड्याचा तक्ता वेगळा पाहिला तर तो निर्दोष दिसतो आणि दोष दोन तक्त्यांच्या सांध्यावर असतो. मेधाने तक्ता एका आठवड्याचाच आखला आहे, आणि तो तसाच दर आठवड्याला चालवला तर हा प्रश्न येत नाही. सुट्ट्या फिरवायला लागल्यावर मात्र तिला चौदा रकाने आखावे लागतील.

रेखाताईंच्या रविवारासाठी मला आता तीन वाटा दिसतात. शनिवारी संध्याकाळच्या गर्दीसाठी बाहेरचा एक माणूस तेवढ्या वेळापुरता बोलवायचा, म्हणजे शनिवारीही एकाला सुट्टी देता येईल आणि तो माणूस रविवारी सकाळी येऊ शकेल. किंवा महिन्यातून एकदा जवळ राहणाऱ्या कोणाला विचारून शनिवारी रात्रीनंतर रविवारी सकाळी बोलवायचे. किंवा रविवारी सकाळी दोनऐवजी एकाच माणसावर, म्हणजे गल्ल्यावरच्या शैलाताईंवर, दुकान चालवायचे.

---

जुना_पाळीवाला

पहिली वाट सर्वांत स्वच्छ आहे, पण ती वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरून माणूस आला की कामाच्या छत्तीस जागांपैकी एक तो भरतो, म्हणजे तुमच्या सहा जणांसाठी पस्तीसच उरतात. मग सुट्ट्या सात होतात. ती सातवी सुट्टी कोणाला, आणि तिचे पैसे कापणार का, हे शनिवारपूर्वी ठरवावे लागेल. ती जास्तीची सुट्टी न मानता हातची एक राखीव चिठ्ठी म्हणून ठेवणे जास्त चांगले, कारण या तक्त्यात आत्ता एकही राखीव नाही. गुरुवारी सकाळी दत्ताला ताप आला तर काय होईल ते मांडून पाहा. बुधवारी रात्री सुटलेल्यांपैकी कोणाला तरी बोलवावे लागेल किंवा रेखाताईंची सुट्टी मोडावी लागेल, तिसरा मार्ग नाही. छत्तीसला छत्तीस हे पाहून मेधाला जो दिलासा वाटला, त्याच ठिकाणी मी काळजीत पडलो असतो.

तिसरी वाट मी वापरणार नाही. एकटे माणूस गल्ल्यावर असले की त्याला गल्ला सोडून पाणी प्यायलाही उठता येत नाही.

---

निवृत्त_कामगार_प्रतिनिधी

दुसऱ्या वाटेला माझा विरोध आहे. 'विचारून' बोलवायचे असे म्हटले तरी मालकाच्या मुलीने विचारल्यावर नाही म्हणणारे थोडेच असतात. महिन्यातून एकदा म्हणता म्हणता ते दर शनिवारचे होते, मी हे अनेक ठिकाणी पाहिले आहे. मेधाने तो नियम कोणी सांगितला म्हणून केलेला नाही, माणसांचे डोळे पाहून केला आहे. तो रेखाताईंसाठी मोडला तर ज्याच्यासाठी केला त्याच्यावरच तो उलटेल.

---

कथेचा_वाचक

पण मग रेखाताईंनी कायम गुरुवारवरच राहायचे का? त्यांनाही घर आहे, आणि घरातली बाकीची माणसे रविवारीच घरी असतात. जवळ राहणारा यशवंत किंवा दत्ता स्वतःहून महिन्यातून एक रविवार सकाळ द्यायला तयार असेल आणि त्याबदली त्याला त्या आठवड्यात हवा तो दिवस मिळणार असेल, तर त्याला अडवणे हेही मला बरोबर वाटत नाही. त्यांनी आपसांत ठरवावे आणि मेधाने फक्त माणसांची संख्या आणि लाल कोपरे तपासावेत.

---

जुना_पाळीवाला

आपसांतली अदलाबदल मी चालू देतो, पण ती दोन अटींवर. दोघांनी आदल्या आठवड्यात येऊन स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या बदलायच्या, आणि त्याच माणसाने लागोपाठ दोन महिने ती सकाळ द्यायची नाही. तेवढ्याने दबाव पूर्ण जातो असे मी म्हणत नाही. प्रतिनिधींचा अनुभव खोटा नाही.

---

अनुराधा_लेखन

दुसरा भाग लिहायला घेतला आहे. त्यात मेधा चौदा रकाने आखते, बाबांच्या नावाचीही एक चिठ्ठी कापते आणि शनिवारच्या संध्याकाळसाठी बाहेरचा माणूस शोधायचे ठरवते. तो मिळेपर्यंतच्या रविवारांचे काय करायचे, यावर तुमचे दोघांचे एकमत झालेले नाही, आणि कथेत गोविंदकाका आणि शैलाताई यांचेही ते होणार नाही. बाहेरचा माणूस फक्त शनिवारी संध्याकाळी चार तासांसाठी आला, तर त्याच्यामुळे खरोखर एक पूर्ण पाळी सुटते का, की दोन ते पाच या वेळात माणूस कमीच राहतो? गर्दी पाचनंतर होते असे धरले आहे. ज्यांनी अर्धवेळ माणसे ठेवून पाळ्या लावल्या आहेत त्यांनी कृपया लिहावे.

---

जुना_पाळीवाला

गर्दी पाचनंतरच असेल तर दोन ते पाच तीन माणसे पुरतात, आणि त्यातही दोन ते तीन या तासात सकाळचे दोघे दुकानातच असतात. पाचनंतर चौथा येतो. म्हणजे पाळी सुटते. पण तो माणूस नवीन असेल तर त्याचे पहिले दोन शनिवार राखीव धरू नका. त्याला माल कुठे ठेवला आहे हे विचारायला उरलेल्या तिघांपैकी एक जण सारखा लागेल, आणि तेव्हा तक्त्यावर चार दिसत असले तरी कामाला साडेतीनच असतील.